मशिन अजून विक्रेत्याचे, घसारा मात्र आपला

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखादा छोटा कारखानदार हप्त्यांवर सीएनसी लेथ घेतो. क्रेन लावून मशिन उतरवले जाते, पायावर बसवले जाते, नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवसापासून फाउंड्रीतून आलेली कास्टिंग त्यावर चढू लागतात. विजेचे बिल कारखानदार भरतो, ऑपरेटरचा पगार तोच देतो आणि स्पिंडल बिघडले तर दुरुस्तीचा खर्चही त्याच्याच खिशातून जातो. पण करारावर सही करताना त्याने एक गोष्ट मान्य केलेली असते. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मशिन विक्रेत्याच्याच मालकीचे राहील आणि तोवर आपण ते भाड्याने वापरू. या व्यवहाराला भाडे-खरेदी म्हणतात. बाजारात त्याला ‘हायर पर्चेस’ किंवा नुसते ‘एचपी’ म्हणण्याची रीत आहे.

३१ मार्चला वह्या बंद करायची वेळ आली की खरे प्रश्न उभे राहतात. जे मशिन कायद्याने आपले नाही, ते आपल्या ताळेबंदात दाखवायचे का? त्यावर घसारा कोणी काढायचा? बँकेतून गेलेला हप्ता भाडे म्हणून लिहायचा, व्याज म्हणून की मशिनची किंमत म्हणून?

कायद्याच्या बाजूने पाहिले तर मालकीचा मुद्दा इंग्लंडमध्ये एका पियानोमुळे स्पष्ट झाला. हेल्बी नावाच्या व्यापाऱ्याने ब्रूस्टर नावाच्या गिऱ्हाइकाला पियानो दिला होता. दरमहा १० शिलिंग ६ पेन्स असे ३६ हप्ते भरले की पियानो ब्रूस्टरचा होणार होता, आणि मध्येच परत करण्याची मुभाही त्याला होती. काही महिन्यांतच ब्रूस्टरने तो मॅथ्यूज नावाच्या सावकाराकडे गहाण टाकला. १८९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की ब्रूस्टरवर पियानो विकत घेण्याचे बंधन नव्हते, त्याला फक्त तसा पर्याय होता. त्यामुळे मालकी हेल्बीचीच राहिली आणि सावकाराला पियानो परत द्यावा लागला. साध्या हप्त्याच्या विक्रीत मालकी पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाकडे जाते आणि थकलेल्या पैशांसाठी विक्रेत्याला वसुलीच्या मागे लागावे लागते. भाडे-खरेदीत मात्र तो वस्तूच परत मागू शकतो.

भारतात संसदेने १९७२ साली भाडे-खरेदीचा स्वतंत्र कायदा केला, पण तो प्रत्यक्षात कधीच लागू झाला नाही आणि २००५ मध्ये रद्दच करण्यात आला. त्यामुळे हे व्यवहार १८७२ च्या करार कायद्यावर आणि न्यायालयांच्या निकालांवर चालत आले आहेत. कायदा नसला तरी व्यवहार थांबला नाही. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाने पुढच्या काळात असंख्य छोट्या कारखान्यांना याच पद्धतीने यंत्रे दिली.

हिशेबशास्त्र मात्र कायद्याच्या मालकीपाशी थांबत नाही. मशिनचा उपयोग कोण करतो, त्याची झीज कोण सोसतो आणि ते बंद पडले तर नुकसान कोणाचे, एवढे ते पाहते. तिन्हींचे उत्तर खरेदीदार असेच आहे. म्हणून भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या हिशेब मानकांनुसार भाडे-खरेदीचे मशिन खरेदीदाराच्या वहीत त्याच्या इतर यंत्रांबरोबर बसते आणि विक्रेत्याचे उरलेले देणे दुसऱ्या बाजूला दिसते. मालकी अजून पूर्ण मिळालेली नाही, ही गोष्ट टिपेत नमूद करायची. प्राप्तिकर खात्यानेही १९४३ सालच्या एका परिपत्रकात, ज्या करारात शेवटी मशिन घेणाऱ्याचे होणार आहे त्यात घसारा घेणाऱ्यालाच मिळावा, अशी भूमिका घेतली होती.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण व्यवहार रोजचा आहे. एका कारखानदाराने १ एप्रिलला लेथ घेतला. त्याची रोख किंमत, म्हणजे सगळे पैसे एकदम मोजले असते तर पडली असती ती, १७,००,००० रुपये. जीएसटी वेगळा भरून त्याचे क्रेडिट घेतले आहे, म्हणून तो या किमतीत धरलेला नाही. सहीच्या दिवशी ३,७६,००० रुपये दिले. बाकी रक्कम दर ३१ मार्चला ५,३२,४०० रुपयांच्या तीन हप्त्यांत द्यायची, व्याज शिल्लक रकमेवर १० टक्के. एकूण भरणा १९,७३,२०० रुपये होतो. म्हणजे रोख किमतीपेक्षा २,७३,२०० रुपये जास्त.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. मशिन वहीत १९,७३,२०० रुपयांना लिहिले जाते, कारण ‘एवढे तर आपण देणारच आहोत’. पण वरचे २,७३,२०० रुपये ही पैसे तीन वर्षे वापरल्याची किंमत आहे, मशिनची नव्हे. ती मशिनमध्ये मिसळली तर व्याजावरही घसारा निघतो. १५ टक्के दराने पहिल्याच वर्षी घसारा ४०,९८० रुपयांनी फुगतो, आणि खरे व्याज मात्र त्या वर्षीच्या खर्चात कुठेच दिसत नाही. मशिन खात्यात रोख किंमतच जायला हवी. तिच्यात वाहतूक, क्रेनचे भाडे आणि पायाचे काम यांचा खर्च मिळवता येतो, कारण त्यांच्याशिवाय मशिन चालूच झाले नसते. मात्र ती रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जमा होत नाही, कारण ते पैसे दुसऱ्यांना दिलेले असतात. आपल्या उदाहरणात हे खर्च १७ लाखांतच आले असे धरू.

रोजकीर्दीतली पहिली नोंद अशी होते: मशिन खाते नावे १७,००,०००, विक्रेत्याचे खाते जमा १७,००,०००. लगेच दुसरी: विक्रेत्याचे खाते नावे ३,७६,०००, बँक खाते जमा. १ एप्रिलच्या संध्याकाळी विक्रेत्याचे देणे १३,२४,००० रुपये उरते. या आकड्यावर पुढचे सगळे गणित चालते.

३१ मार्चला पहिला हप्ता जातो. त्याआधी वर्षभराचे व्याज लिहायचे: १३,२४,००० चे १० टक्के, म्हणजे १,३२,४००. नोंद, व्याज खाते नावे, विक्रेत्याचे खाते जमा. त्यानंतर हप्ता: विक्रेत्याचे खाते नावे ५,३२,४००, बँक खाते जमा. दोन्ही नोंदी झाल्या की लक्षात येते, की हप्त्यातले १,३२,४०० रुपये व्याजात गेले आणि कर्ज फक्त ४,००,००० रुपयांनी कमी झाले. देणे उरले ९,२४,०००.

दुसऱ्या वर्षी व्याज याच ९,२४,००० वर, म्हणजे ९२,४०० रुपये. हप्ता तेवढाच आहे, म्हणून मुद्दलात ४,४०,००० गेले आणि देणे ४,८४,००० वर आले. तिसऱ्या वर्षी व्याज ४८,४००, मुद्दल ४,८४,०००, आणि विक्रेत्याचे खाते शून्यावर. हप्ता बदलत नाही, पण त्याच्या पोटातले वाटप दरवर्षी बदलते. आधी व्याज जास्त असते आणि पुढे मुद्दल वाढत जाते.

पुष्कळ ठिकाणी एकूण २,७३,२०० रुपयांचे तीन सारखे भाग करून दरवर्षी ९१,०६७ रुपये व्याज टाकले जाते. तीन वर्षांची बेरीज तीच येते, म्हणून ही चूक कुणाच्या नजरेत भरत नाही. पण पहिल्या वर्षी व्याज ४१,३३३ रुपयांनी कमी दिसते, नफा तेवढाच जास्त दिसतो आणि त्यावर करही भरला जातो. तिसऱ्या वर्षी नेमके उलटे घडते. ज्या वर्षी कर्ज सर्वांत मोठे, त्या वर्षी व्याजही सर्वांत मोठे असायला हवे. करारात व्याजाचा दरच दिलेला नसेल तर जुन्या हिशेबनीसांकडे एक उपाय असे. वर्षाच्या सुरुवातीला जेवढे हप्ते बाकी, त्या प्रमाणात व्याज वाटायचे. तीन हप्त्यांसाठी ते ३:२:१ येते, म्हणजे १,३६,६००, मग ९१,०६७ आणि शेवटी ४५,५३३. खऱ्या आकड्यांच्या ते बरेच जवळ जाते.

दराची गोष्ट निघाली आहे तर विक्रेता काय सांगतो तेही पाहायला हवे. हाच व्यवहार तो ‘६.८८ टक्के फ्लॅट’ असा सांगू शकतो, आणि त्यात खोटे काही नाही. २,७३,२०० ला तीन वर्षांनी भागून पहिल्या १३,२४,००० शी तुलना केली की ६.८८ टक्केच येतात. फक्त या हिशेबात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही आपल्याकडे १३,२४,००० रुपये होते असे धरलेले असते, आणि प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त रक्कम तोवर परत गेलेली असते. शिल्लक रकमेवर खरा दर १० टक्के पडतो. हप्ते वर्षाचे नसून महिन्याचे असतील तर ६.८८ टक्के फ्लॅटचा खरा दर साडेबारा टक्क्यांच्या वर जातो. म्हणून वह्या लिहिणाऱ्याने विक्रेत्याकडून नुसता दर मागू नये. हप्त्यागणिक व्याज आणि मुद्दल दाखवणारा परतफेडीचा तक्ताच मागून घ्यावा.

आता घसारा. हप्त्याशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि हेच मनात पक्के बसायला वेळ लागतो. ३१ मार्चपर्यंत मशिनच्या किमतीपैकी फक्त ७,७६,००० रुपये दिले गेले आहेत: सहीचे ३,७६,००० आणि हप्त्यातले ४,००,०००. मग घसाराही तेवढ्यावरच का काढू नये? कारण मशिनची झीज आपण किती पैसे दिले हे पाहून होत नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण मशिन चालले, म्हणून घसारा पूर्ण १७,००,००० वर काढायचा. मालकी हक्काचा कारखाना असेल तर पुष्कळ जण प्राप्तिकराचाच १५ टक्के दर घटत्या शिलकेवर लावतात, तसाच इथे लावू. पहिल्या वर्षी २,५५,०००, दुसऱ्या वर्षी उरलेल्या १४,४५,००० वर २,१६,७५०, तिसऱ्या वर्षी १२,२८,२५० वर १,८४,२३८ रुपये. कारखाना कंपनी असेल तर कंपनी कायद्यानुसार अशा सर्वसाधारण यंत्राचे आयुष्य १५ वर्षे धरून घसारा काढला जातो आणि आकडे वेगळे येतात. पण रोख किंमत हा पाया दोन्हींकडे सारखाच.

याच्या दुसऱ्या टोकाची चूकही पाहायला मिळते: हप्ते तीन वर्षांचे आहेत, तर घसाराही तीन वर्षांत संपवून टाकायचा. हप्ते फिटल्यावर मशिन परत जाणार असते तर ते बरोबर होते. पण इथे ते कारखान्यातच राहणार हे जवळजवळ नक्की आहे. त्यामुळे घसारा मशिनच्या आयुष्यावर पसरायचा, कराराच्या मुदतीवर नाही. शेवटचा हप्ता जाईल त्या दिवशी विक्रेत्याचे खाते शून्य असेल, पण मशिन खात्यात अजून १०,४४,०१२ रुपये असतील आणि घसारा पुढे चालूच राहील.

पहिल्या वर्षीच्या नफा-तोटा खात्यात या मशिनपायी दोनच रकमा जातात: व्याज १,३२,४०० आणि घसारा २,५५,०००. दोन्ही मिळून ३,८७,४००. बँकेतून मात्र त्या वर्षी ९,०८,४०० रुपये बाहेर पडले आहेत. ती सगळी रक्कम ‘मशिनचे भाडे’ म्हणून खर्ची टाकणारे भेटतात. तसे केले तर पहिल्या वर्षी नफा ५,२१,००० रुपयांनी खाली येतो. धंदा बुडत चालल्यासारखा दिसतो आणि बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन जायची सोय उरत नाही. पुढे हप्ते संपले की मशिन जणू फुकट चालते आहे असा नफा फुगतो.

हा ५,२१,००० चा आकडा ताळेबंदातही भेटतो. मशिन १४,४५,००० चे, विक्रेत्याचे देणे ९,२४,०००. वजाबाकी ५,२१,०००. मशिनमध्ये कारखानदाराचा स्वतःचा म्हणता येईल असा हिस्सा त्या दिवशी एवढाच आहे. पाठ्यपुस्तकांत एक जुनी पर्यायी पद्धत अजून शिकवतात. तिच्यात मशिन पूर्ण किमतीला न लिहिता जसजसे मुद्दल जाईल तसतसे मशिन खात्यात चढवतात, पण घसारा मात्र पूर्ण रोख किमतीवरच काढतात. त्या पद्धतीने पहिल्या वर्षाअखेर मशिन खात्यात ७,७६,००० मधून २,५५,००० वजा जाऊन पुन्हा ५,२१,०००च उरतात. दोन्ही पद्धतींत नफा तोच येतो. मात्र पहिल्या पद्धतीत मशिन आणि कर्ज दोन्ही उघड दिसतात, आणि कारखानदाराला किंवा बँकेला तेच पाहायचे असते. म्हणून व्यवहारात तीच टिकली.

खाते चुकले आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. छोट्या कारखान्यांत हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो आणि हिशेबनीस संगणकावर पूर्ण रक्कम विक्रेत्याच्या किंवा वित्त कंपनीच्या खात्यात नावे टाकतो. व्याज लिहायचे राहून जाते. मग वर्षाअखेर आपल्या वहीत देणे ७,९१,६०० दिसते आणि वित्त कंपनीच्या पत्रकात ९,२४,०००. फरक बरोबर १,३२,४००, म्हणजे विसरलेले व्याज. तीन वर्षे हे कुणाच्या लक्षात आले नाही तर खात्याला २,७३,२०० ची उलटी शिल्लक येते, जणू विक्रेताच आपले देणे लागतो. दर ३१ मार्चला पत्रक मागवून शिल्लक जुळवली की ही चूक पहिल्याच वर्षी सापडते.

प्रत्यक्षात खरेदी काही नेमकी १ एप्रिलला होत नाही. समजा लेथ १ नोव्हेंबरला आला आणि पहिला हप्ता पुढच्या ३१ ऑक्टोबरला आहे. ३१ मार्चला एक रुपयाही हप्ता गेलेला नसतो, पण पाच महिन्यांचे व्याज चढलेले असते: १३,२४,००० वर १० टक्क्यांनी ५५,१६७ रुपये. ते व्याज खात्यात नावे आणि ‘देय व्याज’ म्हणून जमा करायचे, नाहीतर पुढच्या वर्षावर सतरा महिन्यांचे ओझे पडते. घशाऱ्याचा नियम मात्र वेगळा. प्राप्तिकरात मशिन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर निम्माच दर मिळतो. १ नोव्हेंबरपासून मार्चअखेर साधारण दीडशे दिवस होतात, म्हणून साडेसात टक्के, म्हणजे १,२७,५०० रुपये. व्याज दिवस मोजून चालते, घसारा असा एकदम अर्धा होतो.

आणि हप्ता थकला तर? समजा पहिला हप्ता गेला, पण मंदीत दुसरा भरता आला नाही आणि विक्रेत्याने मशिन उचलून नेले. दुसऱ्या वर्षाचे व्याज तरीही लिहावे लागते, त्यामुळे देणे ९,२४,००० अधिक ९२,४००, म्हणजे १०,१६,४०० होते. मशिन वहीत १२,२८,२५० चे आहे. विक्रेत्याने मशिन घेऊन देणे मिटवले असे धरले तर विक्रेत्याचे खाते १०,१६,४०० नावे पडून बंद होते, मशिन खाते तेवढेच जमा होते आणि उरलेले २,११,८५० नफा-तोटा खात्यात तोटा म्हणून जातात. आता दोन वर्षांचा एकूण खर्च मोजू. घसारा ४,७१,७५०, व्याज २,२४,८००, तोटा २,११,८५०. बेरीज ९,०८,४००, म्हणजे सहीच्या दिवशी दिलेले ३,७६,००० आणि पहिल्या हप्त्याचे ५,३२,४००. दिलेला प्रत्येक रुपया खर्चात आला आणि हातात मशिन उरले नाही. बेरीज अशी जुळली नाही तर मधली एखादी नोंद राहिली आहे असे समजावे.

आज बाजारातली बहुतेक यंत्रे आणि वाहने खऱ्या अर्थाने भाडे-खरेदीवर जात नाहीत. बँक किंवा वित्त कंपनी कर्ज देते, मालकी पहिल्या दिवसापासून घेणाऱ्याची असते आणि मशिन तारण राहते. वाहनाच्या नोंदणी पुस्तकावर मात्र दोन्ही प्रकारच्या करारांची नोंद चढते, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५१व्या कलमात तशी तरतूद आहे. हिशेबाचे गणित दोन्हींत सारखेच: रोख किमतीला मशिन, शिल्लक रकमेवर व्याज, पूर्ण किमतीवर घसारा. फरक पडतो तो हप्ते थकल्यावर आणि ते संपल्यावर. भाडे-खरेदीत शेवटचा हप्ता आणि करारात असेल तर मालकी हस्तांतराची नाममात्र रक्कम दिली की मालकी कायद्याने खरेदीदाराकडे येते. वहीत मात्र त्यासाठी वेगळी नोंद करावी लागत नाही, कारण मशिन पहिल्या दिवसापासून तिथेच लिहिलेले असते. विक्रेत्याकडून ना-हरकत पत्र घ्यायचे आणि पुढच्या ताळेबंदातून मालकीविषयीची टीप काढून टाकायची, एवढेच काम उरते.